कृषी सेवा केंद्राची दुसरी शाखा: व्यवहार्यता अहवालाची मांडणी कशी करावी?

काळीमाती (औसा)

नमस्कार. औसा येथे गेली चौदा वर्षे आमचे कृषी सेवा केंद्र आहे. थोरले बंधू आणि मी मिळून ते चालवतो आणि मोठ्या खरेदीचा शेवटचा शब्द अजूनही वडिलांचा असतो. येत्या खरिपाच्या आधी निलंग्याला दुसरे दुकान सुरू करावे असा विचार आहे. वडिलांची अट अशी की तोंडी हिशेब चालणार नाही, सगळे कागदावर मांडून दाखवा आणि मगच जागेचा इसार द्या.

त्याप्रमाणे मी इंटरनेटवरून एक नमुना घेऊन बावीस पानांचा अहवाल तयार केला. त्यात प्रस्तावना, कंपनीचा परिचय, तालुक्याची लोकसंख्या, बलस्थाने व उणिवा, स्पर्धकांची यादी आणि शेवटी नफातोटा असा क्रम आहे. शाखेची वार्षिक विक्री ९० लाख धरली असून त्यात खते ४० लाख, बियाणे २० लाख आणि औषधे ३० लाख आहेत. औशाच्या दुकानाच्या अनुभवावरून खतांवर ४ टक्के, बियाण्यावर ९ टक्के आणि औषधांवर १७ टक्के सुटतात असे धरल्यास एकूण साडेआठ लाख मिळतात. भाडे, दोन माणसांचे पगार, वीज आणि किरकोळ मिळून महिन्याला ४८ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ७६ हजार जातात. पावणेतीन लाख शिल्लक राहतात.

वडिलांनी अहवाल वाचला आणि "हे पंचांग आहे, यात लग्न करायचे की नाही तेवढेच लिहिलेले नाही" असे म्हणून परत दिला. अहवालाची मांडणी नेमकी कशी असावी, हे जाणकारांनी सांगावे.

---

गोदाकाठ (नांदेड)

आपण अहवालावर इतका वेळ घालवू नये असे मला वाटते. पीएमईजीपी योजनेखाली अर्ज करावा, अनुदान मिळते आणि प्रकल्प अहवाल तेथील ठरलेल्या नमुन्यातच द्यावा लागतो. माझ्या मेहुण्याने मसाला कांडपासाठी असाच अहवाल एका दिवसात करून घेतला होता. करून देणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतात.

---

जमाखर्ची (लातूर)

गोदाकाठ, पीएमईजीपीचे अनुदान नव्याने उभ्या राहणाऱ्या उद्योगासाठी आहे. चौदा वर्षे चालू असलेल्या दुकानाच्या शाखेला ते लागू होत नाही. शिवाय प्रकल्प अहवाल आणि व्यवहार्यता अहवाल यांत गल्लत होते आहे. प्रकल्प अहवाल लिहिला जातो तेव्हा काम करायचे हे ठरलेले असते आणि बँकेने पैसे द्यावेत म्हणून तो लिहिलेला असतो. व्यवहार्यता अहवालाला "करू नका" असे म्हणण्याची मोकळीक असावी लागते. मी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षे काढली. एका दिवसात तयार झालेल्या अहवालांतील शेवटचा आकडा आधी ठरतो आणि वरचे आकडे त्याला जुळवून घेतले जातात, हे इतक्या वेळा पाहिले आहे की तो कागद हातात घेतल्यावर मी विक्रीचे पान उघडतच नसे, थेट उधारीचे पान पाहत असे. बहुतेक वेळा ते पान नसायचेच.

काळीमाती, तुमच्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. पहिल्या पानावर प्रश्न, उत्तर आणि अटी असाव्यात. प्रश्न एका वाक्यात लिहावा: येत्या खरिपापूर्वी निलंग्यात दुकान सुरू केल्यास दोन्ही दुकाने मिळून आजच्यापेक्षा जास्त पैसे हातात राहतील काय, आणि तोपर्यंत लागणारी रोकड आपल्याकडे आहे काय? यातील "दोन्ही दुकाने मिळून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याखाली उत्तर आणि ते कोणत्या दोन-तीन गोष्टींवर टेकलेले आहे तेवढे लिहावे. हे पान लिहायचे शेवटी, लावायचे मात्र सगळ्यांत वर.

दुसरे पान गृहीतकांचे. तुम्ही वापरलेला प्रत्येक आकडा कुठून आला हे त्यापुढे लिहा. आकडे तीनच प्रकारचे असतात: खातेवहीतले, चौकशी करून मिळवलेले आणि मनाने धरलेले. ९० लाखांपुढे यांपैकी काय लिहाल?

---

काळीमाती

प्रामाणिकपणे सांगायचे तर मनाने धरलेले. औशाच्या विक्रीच्या निम्म्याहून थोडे अधिक होईल असा विचार केला.

---

देवणी (उदगीर)

मी कर सल्लागाराकडे काम करतो. दोन बाबी अहवालात अवश्य घ्याव्यात. पहिली, बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने जागेला बांधलेले असतात, त्यामुळे औशाच्या परवान्यावर निलंग्यात एक पुडीही विकता येणार नाही. तिन्ही परवाने नव्या जागेच्या नावाने काढावे लागतील. दुसरी, शाखेसाठी नवा जीएसटी क्रमांक घ्यावा लागेल आणि त्याचा वेगळा हिशेब ठेवण्याचा खर्च धरावा लागेल.

---

जमाखर्ची

परवान्यांबाबत देवणी यांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. जीएसटीबाबत मात्र नाही. एकाच राज्यातील दुसरी जागा चालू नोंदणीतच अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून जोडता येते, नवा क्रमांक घेण्याची सक्ती नाही. त्यामुळे तो खर्च वगळा.

परवान्यांचे प्रकरण मात्र "आवश्यक कागदपत्रे" अशा शीर्षकाखाली शेवटच्या पानावर ढकलू नका, कारण ते कागदांपेक्षा तारखांचे प्रकरण आहे. तुमचा माल कोणत्या महिन्यात किती जातो हे खात्यातून काढून येथे लिहा, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल.

---

काळीमाती

टॅलीतून काढले. औशाच्या दुकानाचे प्रमाण लावले तर ९० लाखांपैकी जूनमध्ये २४, जुलैमध्ये २० आणि ऑगस्टमध्ये १२ लाख जातात. सप्टेंबर अगदीच सुना. हरभऱ्याच्या पेऱ्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी ९ लाख येतात. त्यानंतर दुकानात आम्ही आणि पंखा.

---

जमाखर्ची

म्हणजे तीन महिन्यांत ५६ लाख. परवाना मेअखेर हातात आला नाही आणि दुकान जुलैत उघडले, तर २४ लाखांचा जून गेला, पण भाडे आणि पगार गेले नाहीत. सोयाबीनचे बियाणे आणि पेरणीचे खत एकदा दुसरीकडून घेतले की तो शेतकरी फवारणीलाही तिकडेच जातो. म्हणून परवान्याच्या प्रकरणात एक वाक्य ठळक लिहा: अमुक तारखेपर्यंत तिन्ही परवाने न मिळाल्यास यंदा शाखा उघडायची नाही. भाडेकरारही त्या तारखेनंतरच सुरू व्हावा.

आता परवान्यासाठी लागणारी पात्र व्यक्ती कोण, हेही सांगा.

---

काळीमाती

पुतण्याचे बीएस्सी कृषी झाले आहे. त्याच्या पदवीवर परवाना काढायचा आहे आणि दुकानातही तोच बसेल. सध्या तो एमपीएससीचा अभ्यास करतो.

---

तेरणाकाठची (धाराशिव)

दादा, हे वाक्य तुमच्या अहवालात आहे का? पुतण्या पास झाला तर दुकानाचे काय, असे एक पान लिहा. आणि तो नापास व्हावा अशी इच्छा मनात धरून कोणताही अहवाल लिहू नये.

माझे क्षेत्र वेगळे आहे, पण अनुभव सांगते. आमचे साड्यांचे आणि रेडीमेडचे दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही जवळच्या तालुक्याच्या गावी शाखा काढली. अहवाल मीच लिहिला होता आणि तो वाईट नव्हता. चूक अशी झाली की बाजाराची पाहणी मी एप्रिल-मेमध्ये केली. लग्नसराई चालू होती, प्रत्येक दुकानात गर्दी होती, मी दोन शनिवार समोरच्या हॉटेलात बसून शेजारच्या दुकानात शिरणारी माणसे मोजली आणि त्यावरून वर्षाची विक्री काढली. श्रावण कसा जातो हे श्रावणातच कळले.

दुसरी चूक अधिक महागात पडली. शाखा बंद करायला किती खर्च येईल हे अहवालात नव्हते. भाडेकराराला तीन वर्षांची मुदतबंदी होती. अकराव्या महिन्यात आम्ही हात टेकले, तेव्हा उरलेल्या मुदतीच्या भाड्यावरून घरमालकाशी वाद झाला आणि अनामत सोडून द्यावी लागली. फर्निचर तर भिंतीच्या मापाचे केलेले, ते दुसरीकडे बसेना. उघडण्याचा खर्च सगळे लिहितात. मिटवण्याचा खर्च लिहिलेला असता, तर कदाचित आम्ही जागा लहान घेतली असती.

---

काळीमाती

ताई, पुतण्याबद्दल आपण लिहिले ते घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. लिहीन.

जमाखर्ची काका, विक्रीचा आकडा मनाने न धरता कसा काढावा?

---

जमाखर्ची

लोकसंख्येच्या तक्त्यांतून तो निघणार नाही. तालुका कृषी कार्यालयातून पेरणीचे क्षेत्र मिळेल, तेवढे घ्या. त्यातून बाजार किती मोठा आहे हे कळते, त्यातील तुमचा वाटा किती हे कळत नाही. त्यासाठी पहिली पायरी घरातच आहे. टॅलीतून ग्राहकांची गावे काढा. निलंगा तालुक्यातली आणि दोन्ही गावांच्या मधली जी गावे आज औशाला येतात, त्यांची वर्षाची खरेदी वेगळी करा. तो आकडा आधी सांगा.

---

काळीमाती

दोन रात्री लागल्या, कारण निम्म्या खात्यांवर गावाऐवजी "पाटील", "बोअरवाले" आणि "बसस्टँडमागचे" असे लिहिलेले होते. बंधूंना विचारून विचारून गावे भरली. निलंग्याच्या बाजूची खरेदी २२ लाख निघाली. हे लोक आम्हाला ओळखतात, म्हणजे शाखेची सुरुवात शून्यापासून होणार नाही. ही जमेची बाजू धरावी ना?

---

जमाखर्ची

येथेच बहुतेक शाखांचे अहवाल फसतात. ते २२ लाख तुमच्याकडे आजच येत आहेत. उद्या ते ग्राहक जवळचे म्हणून निलंग्याच्या दुकानात गेले, तर शाखेच्या गल्ल्यात २२ लाख दिसतील आणि औशाच्या गल्ल्यातून तेवढेच कमी होतील. घरात एक रुपयाही जास्त आलेला नसेल. तुमचे ९० लाख खरे मानले तरी नवी विक्री ६८ लाखांचीच आहे.

तुमच्या मालाच्या मिश्रणावर सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आत सुटतात. त्या हिशेबाने ६८ लाखांवर साधारण ६ लाख ४२ हजार मिळतील. त्यातून ५ लाख ७६ हजार खर्च वजा केला की उरतात ६६ हजार. पावणेतीन लाखांचे ६६ हजार झाले आणि यात अजून उधारीवरचे व्याज धरलेलेच नाही. निम्मा माल उधारीवर जातो असे धरले, तर वर्षभराची सरासरी उधारी अकरा लाखांच्या घरात राहील. कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर १ लाख २१ हजार व्याज. म्हणजे ५५ हजारांचा तोटा.

उलट बाजूने पाहा. व्याज धरून शेकडा सुमारे ७.६६ रुपये हातात राहतात. ५ लाख ७६ हजार खर्च भरून निघायला पूर्णपणे नव्या ग्राहकांची ७५ लाखांची विक्री हवी. अहवालाच्या बाजारपेठेच्या प्रकरणाला आता एकच काम उरले: हे ७५ लाख कोणत्या गावांतून, कोणत्या दुकानाचे ग्राहक तोडून येतील ते दाखवणे. स्पर्धकांच्या यादीत त्यांची नावे आणि पत्ते लिहून उपयोग नाही. ते किती दिवस उधार देतात आणि शेतकरी त्यांना का सोडेल, हे लिहावे लागेल.

---

देवणी

पण काका, पहिल्याच वर्षी नफा अपेक्षित धरणे योग्य आहे का? तिसऱ्या वर्षी विक्री वाढेल.

---

जमाखर्ची

पहिल्या वर्षी तोटा चालतो, तो किती वर्षे सोसायचा हे लिहिलेले असेल तर. विक्री वाढेल हे मान्य, पण या धंद्यात वाढ उधारीच्या वाटेने येते, म्हणून नफ्याच्या तक्त्यापेक्षा रोकडीचा तक्ता मोठा असावा. तो वार्षिक नको, महिन्याचा हवा.

६८ लाखांवरच ऑगस्टअखेरची स्थिती पाहू. तोपर्यंत ४२ लाखांची विक्री होईल, त्या मालाची खरेदी ३८ लाखांची. दुकानात ७ लाखांचा माल पडून असेल, आणि युरियाबरोबर गळ्यात मारलेला लिंकिंगचा माल त्यात असतोच. म्हणजे खरेदी ४५ लाखांची झाली. औषध कंपन्यांचे ७ लाख देणे बाकी धरले, तर ३८ लाख रोख मोजले गेले. विक्रीतून रोख आले २१ लाख. अडकले १७ लाख. त्यात अनामत आणि फर्निचरचे ५ लाख आणि मेपासून चार महिन्यांचा खर्च २ लाख मिळवा. २४ लाख झाले.

आता बँक काय देईल? लहान व्यवसायांना खेळत्या भांडवलाची मर्यादा बहुधा अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के या हिशेबाने बसवतात. ६८ लाखांवर ती १३ लाख ६० हजार होते. वर्षभर सारखी विक्री असणाऱ्या किराणा दुकानाला हा हिशेब पुरतो. ज्याची साठ टक्के विक्री तीन महिन्यांत होते आणि पैसे दिवाळीला येतात, त्याला तो पुरत नाही. तुम्हाला दहा लाखांहून थोडी जास्त रक्कम घरातून उभी करावी लागेल, आणि ती औशाच्या दुकानाच्या ऐन हंगामात. अहवालात त्या रकमेपुढे ती कुठून येणार हे लिहिलेले नसेल, तर ती औशाच्या मालाच्या पैशांतून येईल, आणि मग दोन्ही दुकानांत युरिया नाही अशी वेळ येईल.

आणखी एक बाब दुकानदारांच्या लक्षात उशिरा येते. बँका साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी उचल मर्यादेत धरत नाहीत. जूनची उधारी सप्टेंबरमध्ये ९० दिवस ओलांडते. त्याच वेळी दुकानातला मालही संपत आलेला असतो. म्हणजे स्टॉक स्टेटमेंट दिले की मंजूर मर्यादा १३ लाख असली तरी उचलता येणारी रक्कम खाली येते, आणि नेमके तेव्हाच हरभऱ्याच्या बियाण्याची आगाऊ रक्कम भरायची असते.

---

काळीमाती

हे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. गेल्या खरिपाची उधारी खात्यातून काढली, ती निम्मी नसून ५८ टक्के आहे. दिवाळीपर्यंत साठ टक्के वसूल होते आणि तुरीवर आणखी काही येते. पण २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आडतीवर त्याखालीच भाव चालला होता, लोकांनी माल घरात ठेवला आणि आमची वसुली पाडव्यापर्यंत लांबली.

---

जमाखर्ची

मग "असे झाले तर" या प्रकरणासाठी तुम्हाला कल्पना लढवायची गरज नाही. सगळे आकडे दहा टक्क्यांनी वरखाली करून तीन रकाने भरणारे अहवाल मी खूप पाहिले आहेत. त्यातून काही कळत नाही, कारण प्रत्यक्षात सगळे दहा टक्क्यांनी बिघडत नाही, एकच गोष्ट बिघडते आणि ती पूर्ण बिघडते. तुम्ही दोनच प्रसंग घ्या: दुकान महिनाभर उशिरा उघडणे आणि २०२४ सारखी वसुली. प्रत्येकात कोणत्या महिन्यात किती रोकड कमी पडते तेवढे काढा. उधारी ५८ टक्के धरून वरचा हिशेबही पुन्हा करा. नव्या गावात ती यापेक्षा जास्तच असेल, कारण जुन्या दुकानदाराची थकबाकी असलेला ग्राहकच नव्या दुकानात आधी येतो.

---

तेरणाकाठची

शेवटचे वाक्य आमच्या कापड धंद्यालाही तंतोतंत लागू आहे.

---

देवणी

एक पर्याय सुचतो. शाखा न काढता निलंग्याच्या बाजूला एक माणूस ठेवून मागणी नोंदवावी आणि औशातूनच बिल करून माल पोहोचवावा. परवाना नको, भाडे नको.

---

काळीमाती

औषधे आणि बियाण्याला हे थोडेफार जमेल. अनुदानित खताला जमणार नाही, कारण पॉस मशीनवर शेतकऱ्याची आधार पडताळणी लागते आणि मशीन दुकानात असते. आणि खत नसेल तर शेतकरी फक्त औषधासाठी आमची वाट पाहील का, याची शंका आहे. पण खतांवर चारच टक्के सुटतात आणि पैसा सर्वांत जास्त त्यातच अडकतो, हेही खरे.

---

जमाखर्ची

हा पर्याय अहवालात हवाच. आजच्याप्रमाणेच चालू ठेवणे, देवणी म्हणतात तसे पोहोच देणे आणि पूर्ण शाखा काढणे, या तिघांचा रोकडीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा. एकाच पर्यायाचा अहवाल म्हणजे नुसती शिफारस. खताशिवाय औषध किती खपेल याचे उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या पाहण्यातल्या दोन दुकानांचे अनुभव याबाबत उलटसुलट आहेत.

---

काळीमाती

नवी मांडणी अशी ठरवली आहे. पहिल्या पानावर प्रश्न, उत्तर आणि अटी. मग गृहीतकांचे पान, प्रत्येक आकड्यापुढे त्याचा उगम. त्यानंतर ७५ लाखांचा शोध गावनिहाय, मग परवाने आणि माणसे तारखांसह, त्यात पुतण्याचे पान. मग तिन्ही पर्यायांची महिनावार रोकड, दोन वाईट प्रसंग आणि शाखा मिटवण्याचा खर्च. कंपनीचा परिचय काढून टाकला, वडिलांना आमचे दुकान माहीत आहे. पाने अकरा होतील.

२२ लाखवाल्यांपैकी चाळीस जणांना या आठवड्यात फोन करून विचारणार आहे की निलंग्यात दुकान झाले तर ते तिकडे घेतील की औशालाच येतील, कारण बाजार समितीच्या कामासाठी काही जण औशाला येतातच.

---

जमाखर्ची

फोनवर सगळे "तिकडेच घेऊ" म्हणतील, माणसे तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यांना विचारा की गेल्या वर्षात औशाला किती वेळा आलात आणि प्रत्येक वेळी आणखी काय काम होते. त्यावरून तुम्हीच ठरवा.

---

तेरणाकाठची

आणि दादा, इसार देण्याआधी मुदतबंदीचे कलम वाचा. अकरा महिन्यांचा करार मिळाला तर भाडे थोडे जास्त गेले तरी घ्या.

---

काळीमाती

घरमालक पाच वर्षांच्या खाली बोलत नाहीत. उद्या पुन्हा भेटून येतो.